ब्रेकचे १०० टक्के कुठे धरायचे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सिम रेसिंगमध्ये, म्हणजे घरच्या रिगवर गेममधली गाडी चालवताना, लोडसेल असलेल्या ब्रेक पेडलवर किती किलोला १०० टक्के ब्रेक धरायचा, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया: "एवढा मोठा लेख लिहून गोंधळ वाढवलात. लोडसेल फक्त जोर मोजतो. पूर्ण ताकदीने दाबायचं, तेच १०० टक्के धरायचं, विषय संपला. खऱ्या रेसिंग कारमध्ये १०० किलोने दाबतात, तुम्ही लोकांना ४५ सांगताय. रबर, प्रवास, मिलिमीटर हे सगळं विकणाऱ्यांचं मार्केटिंग. गॅमा वाढवला की उरलेलं सुटतं. आणि डायरेक्ट ड्राइव्हचं गेन फुल ठेवा, चाक लॉक झालं की हाताला कळतंच. खुर्चीत बसून ज्ञान पाजळणाऱ्यांनी आधी गाडी चालवावी."

उत्तर:

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते लिहायची काहीच गरज नव्हती. लेखातला एखादा आकडा चुकला असेल तर तो दाखवा, मी दुरुस्त करीन. मी कुठे बसतो यावरून आकडा बरोबर की चूक ठरत नाही. गेली सात वर्षं मी स्वतःची आणि इतरांची पेडलं उघडतोय, रबर बदलतोय आणि प्रत्येक वेळी वजनकाटा लावून मोजतोय. लेखातले आकडे तिथून आलेत. 'विकणाऱ्यांचं मार्केटिंग' म्हणालात, पण त्या लेखात मी कुठलंही पेडल विकत घ्या असं लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून बघा.

एक चूक मात्र माझी आहे, आणि ती तुम्हीही दाखवलेली नाही. लेखात मी नुसतं 'किलो' लिहिलं. पायाखालचे किलो आणि लोडसेलवरचे किलो वेगळे असतात. पेडलचा लिव्हर २:१ असेल तर पाय ४५ किलोने दाबतो तेव्हा सेलवर ९० किलो पडतात. काही सॉफ्टवेअर पायाचा आकडा दाखवतात, काही सेलचा. माझे सगळे आकडे पायाखालचे होते. लेखात तशी दुरुस्ती करतोय.

आता 'विषय संपला' या वाक्याकडे वळू. लोडसेल जोर मोजतो, प्रवास मोजत नाही, हे खरंच आहे. पण दाबणारा पाय लोडसेल नव्हे. पूर्ण ताकदीने एकदा दाबलेला आकडा आणि शर्यतीत प्रत्येक वळणावर दाबता येणारा आकडा यांत मोठं अंतर असतं. ते घरच्या घरी मोजता येतं. काट्याचा जुना वजनकाटा घ्या. डिजिटल काटा दोन-तीन सेकंदांनी आकडा धरून बसतो, म्हणून तो नको. काटा उभा करून पेडल आणि पायाच्या मध्ये धरा, पेडलच्या बाजूला प्लायवूडचा तुकडा ठेवा आणि काटा उभा असतानाच शून्यावर आणा. चालवताना जे बूट किंवा मोजे घालता तेच घालून बसा. डोळे मिटून दहा वेळा दाबा: जोरात, पण पुन्हा तसंच जमेल इतपत. प्रत्येक वेळी दोन सेकंद धरा आणि बाजूच्या माणसाला आकडा लिहायला सांगा.

समजा दहा आकडे ३८ ते ४६ मध्ये आले आणि सरासरी ४२ निघाली. मी १०० टक्के त्याच्या किंचित वर, म्हणजे ४५ वर धरतो. आयरेसिंग या गेममधली एमएक्स-५ कप ही गाडी घ्या. तिला एबीएस नाही, म्हणून पुढची चाकं १०० टक्क्यांच्या बऱ्याच आधी लॉक होतात. समजा ती ७० टक्क्यांवर लॉक होतात. माझ्या हिशेबाने ती जागा साडेएकतीस किलोवर येते. तिथे पाय थकत नाही, वर-खाली करायला वाव राहतो. तुमच्या पद्धतीने एकदा जीव तोडून ८० किलो दाबले आणि तेच १०० टक्के धरले, तर लॉकची जागा ५६ किलोवर जाते. सहज पुन्हा पुन्हा जमणारा जोर ४२ आहे आणि गाडी मागतेय ५६. पहिल्या पाच फेऱ्यांत भागेल. विसाव्या फेरीत ब्रेक कमी पडायला लागेल आणि दोष टायरला दिला जाईल.

तुमच्या बाजूने एक मुद्दा मी स्वतःच मांडतो. ४५ च्या पट्टीवर ३ किलो इकडेतिकडे झाले की जवळपास ७ टक्के ब्रेक हलतो, ८० च्या पट्टीवर तेच ३ किलो म्हणजे ४ टक्क्यांच्या आत. म्हणजे मोठी पट्टी जास्त बारीक. पण हा फायदा पाय ५६ किलोवरही तितकाच स्थिर असेल तरच मिळतो, आणि स्नायूवर जोर वाढला की त्याची थरथरही वाढते. म्हणून खात्री करायची ती अशी: कॅलिब्रेशनची पट्टी झाकून दहा वेळा ६० टक्के दाबायचा प्रयत्न करा आणि आकडे लिहा. अर्धा तास चालवा आणि पुन्हा करा. दुसऱ्या वेळचे आकडे सगळे खाली सरकले असतील तर १०० टक्क्यांची जागा पायाच्या आवाक्याबाहेर आहे. ती ५ किलोने खाली आणा आणि पुन्हा बघा.

आता पेडलचा प्रवास. जोर कुठे आहे हे पायाला दोन खुणांनी कळतं: स्नायूवरचा ताण आणि पाय किती पुढे गेला ते. दुसरी खूण पेडलमागे दबणाऱ्या रबराकडून येते, आणि रबर एका जागी पूर्ण दबतं. पेडलच्या दांड्याशेजारी स्टीलची पट्टी चिकटवा आणि दर १० किलोला प्रवास लिहा. मध्यम रबराच्या एका पेडलवर आकडे असे येतात: १० किलोला ९ मिलिमीटर, २० ला १५, ३० ला १९, ४० ला २२, आणि ५० ला साडेबावीस. ४० पर्यंत पेडल जिवंत आहे, त्यापुढे दगड. अशा पेडलवर ८० किलो म्हणजे १०० टक्के धरले, तर ब्रेकचा वरचा अर्धा भाग एखाद्या मिलिमीटरमध्ये कोंबला जातो. वळणात शिरताना ५६ वरून ५० वर यायचं असतं, तेव्हा पाय हलतच नाही. मग सोडताना एकतर पूर्ण सुटतो किंवा सुटतच नाही. आलेखात ते लगेच दिसतं: ब्रेकची रेषा उताराऐवजी पायऱ्यांनी खाली येते. ८० च ठेवायचे असतील तर आधी कडक रबर घाला, प्रवासाचे आकडे पुन्हा लिहा, आणि १०० टक्क्यांची जागा रबर पूर्ण दबण्याच्या आसपास येतेय ना ते बघा. रबर बदललं की शून्यही पुन्हा धरायचं. रबर आधीच थोडं दाबून ठेवणारा प्रीलोडचा नट दांडा खडखडायचा थांबेपर्यंतच आवळा. त्याहून आवळला तर पाय न लावताही २-३ टक्के ब्रेक लागलेला राहतो आणि सरळ रस्त्यावर गाडीचा वेग मरतो. आणि ज्या पेडलचा कंट्रोलर सुरू होताना स्वतः शून्य धरतो, त्याची यूएसबी जोडताना पेडलवर पाय ठेवू नका.

'खऱ्या कारमध्ये १०० किलो' हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की आता त्याचा राग येतो. जोर तेवढा लागतो, मान्य. पण तिथे गाडी मंदावते तेव्हा अख्खं शरीर पुढे पट्ट्यांवर झेपावतं आणि पायाचं स्वतःचं वजनही पेडलवर येतं. गाडी किती मंदावतेय हे पाठ, मान आणि पट्टे सांगतात, त्यामुळे पेडल दगडासारखं असूनही चालतं. खोलीतल्या रिगवर यातलं काहीही नाही. सगळा जोर मांडीचा आणि सगळी खबर तळव्याची. खऱ्या गाडीतला आकडा उचलून इथे चिकटवणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

गॅमाबद्दल, म्हणजे पेडलच्या जोराचा गेममधला ब्रेक करणाऱ्या वक्राबद्दल, एवढंच: लोडसेलवर असेटो कॉर्सा किंवा एसीसी या गेममध्ये `Brake Gamma` १.० वर ठेवा. तो वाढवला की सुरुवातीचा ब्रेक मऊ होतो आणि शेवटचा भाग आणखी तीव्र होतो. ज्या टोकाला तुमचं रबर आधीच संपलंय, तिथेच.

डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंगचं गेन, म्हणजे मोटर हाताला किती जोर देते ते, फुल ठेवण्याचा सल्ला मात्र नुसता सोडून देता येत नाही, कारण त्याने ब्रेकचीच खबर मारली जाते. ब्रेक लागला की वजन पुढच्या टायरांवर येतं, आणि त्याच वेळी थोडं वळवलं की स्टीअरिंगवरचा टॉर्क चढतो. पुढचं टायर लॉक होऊ लागलं की तो टॉर्क उतरतो आणि स्टीअरिंग हलकं होतं. लॉक हाताला कळतं ते या उतरण्यातून.

समजा तुमच्या स्टीअरिंगचा बेस, म्हणजे मोटर, ८ न्यूटन-मीटरचा आहे आणि आयरेसिंगमध्ये `Max Force` २० वर आहे. तिथे आकडा जितका कमी, तितकं स्टीअरिंग जड, म्हणजे गेन जास्त. गाडीने ब्रेकिंगमध्ये २८ न्यूटन-मीटर दिले आणि लॉक होताना ते २२ वर उतरले. दोन्ही आकडे २० च्या वर आहेत, म्हणून बेस दोन्ही वेळा पूर्ण ८ देतो. टायर सुटलं आणि हाताला काहीही कळलं नाही. `Max Force` ३० करा. आता २८ चे साडेसात होतात आणि २२ चे ५.९. हा फरक बोटांना कळतो. पडद्यावरची स्टीअरिंगचा जोर दाखवणारी `F` ची पट्टी सर्वात जड ब्रेकिंगच्या वळणात लाल होत असेल तर आकडा वाढवा, लाल थांबेपर्यंत. कर्बवर क्षणभर लाल झाली तर हरकत नाही. स्टीअरिंग एकूण हलकं वाटेल, दोन दिवसांत हात सरावतो.

क्रमही हाच ठेवा: आधी रबर आणि प्रीलोड, मग शून्य, मग १०० टक्के, आणि ब्रेक बसल्यावरच स्टीअरिंगचा जोर. उलट केलंत तर ब्रेकची जागा बदलल्यावर वळणातला टॉर्कही बदलतो आणि स्टीअरिंग पुन्हा लावावं लागतं. चाकांच्या ऑफिस-खुर्चीवर बसत असाल तर हे सगळं सुरू करण्याआधी खुर्ची अडवा. ४० किलोला ती मागे सरकते आणि मोजलेला एकही आकडा टिकत नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तुमचे दहा आकडे लिहा: पहिल्या मिनिटाचे आणि अर्ध्या तासानंतरचे, ८० किलोच्या पट्टीवर. ते जुळले तर तुमच्या पायासाठी ८० बरोबर आहेत, आणि मी लेखात तशी नोंद करीन.