टाइप-सी म्हणजे फक्त तोंडाचा आकार, बाकी आत काय आहे ते देव जाणे

घरून काम वाढलं म्हणून गेल्या महिन्यात २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला. घ्यायचं कारण एकच, टाइप-सीची एक वायर लावली की चित्र पण येतं, लॅपटॉप पण ६५ वॅटने चार्ज होतो, आणि मॉनिटरच्या मागच्या यूएसबी पोर्टना पेनड्राइव्ह वगैरे लावता येतं. बॉक्समधली केबल जेमतेम एक मीटरची, टेबलावर नीट पोचेना, म्हणून लॅपटॉपच्या चार्जरची दोन मीटरवाली लावली. चार्जिंग सुरू, स्क्रीन काळी, वर ‘नो सिग्नल’. बायको म्हणाली, अहो चार्ज होतंय म्हणजे केबल चांगलीच आहे ना. मलाही तेच वाटलं, म्हणून दोन दिवस मॉनिटरला शिव्या घातल्या. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणे, "साहेब टाइप-सी ते टाइप-सी सगळं सेमच असतं."

नसतं हो सेम! टाइप-सीच्या पोर्टात २४ पिना असतात, पण केबलच्या आत त्या सगळ्यांच्या तारा ओढलेल्याच असतात असं नाही. चार्जरबरोबर येणाऱ्या बहुतेक केबलमध्ये पॉवरच्या जाड तारा, चार्जर आणि लॅपटॉपचं आपसात बोलणं चालतं ती एक तार, आणि डेटासाठी जुन्या यूएसबी २.० ची एक जोडी, म्हणजे ४८० मेगाबिट, बस. मॉनिटरचं चित्र जातं ते वेगळ्या चार हायस्पीड जोड्यांवरून, आणि त्या जोड्या माझ्या केबलमध्ये नव्हत्याच, मग चित्र येणार कुठून.

आणि यात कोणी फसवलं असंही नाही. ॲपलची २४० वॅटची चार्ज केबल घ्या, पॉवर भरपूर पण डेटा यूएसबी २.० च्याच स्पीडने, आणि डिस्प्ले नाही. केबलवरचा वॅटचा आकडा फक्त पॉवर किती झेपेल ते सांगतो, आपण मात्र आकडा मोठा म्हणजे केबल भारी असं धरून चालतो. वॅटचा हिशोब तसा सोपा आहे, साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याच्या वर ५ अँपिअर हवे असतील तर केबलच्या प्लगमध्ये एक छोटी चिप लागते, चार्जर आधी तिला विचारतो आणि उत्तर नाही आलं तर ३ अँपिअरच्या वर जातच नाही. त्यामुळे साधी केबल असली तर जळत बिळत काही नाही, नुसतं चार्जिंग हळू होतं.

शेवटी बॉक्समधली केबल लावली, चित्र आलं. खूश झालो, आणि लगेच दुसरी भानगड. मॉनिटरच्या मागे एसएसडी लावली, कॉपीचा स्पीड सेकंदाला ३५-४० एमबी! तीच डिस्क थेट लॅपटॉपला लावली की दहा पट पळते. आता केबल बरोबर होती, पण फोर-के ६० हर्ट्झसाठी या मॉनिटरला त्या चारही जोड्या चित्रालाच लागत होत्या, डेटाला उरली तीच जुनी जोडी. मॉनिटरच्या मेनूत खोल कुठेतरी यूएसबी २.० की ३ असा पर्याय सापडला, ३ केलं तर दोन जोड्या डेटाला जातात आणि माझं चित्र ३० हर्ट्झवर येतं, माउसचा बाण धक्के खात चालतो. मी २.० वरच ठेवलंय, डिस्क लॅपटॉपला लावतो.

पोर्टचंही तेच. माझ्या लॅपटॉपला दोन टाइप-सी आहेत, डावीकडच्याला विजेचं चिन्ह, म्हणजे थंडरबोल्ट, त्यावर सगळं चालतं. उजवीकडच्याला नुसतं यूएसबीचं त्रिशूळासारखं चिन्ह, तिथे चांगली केबल लावली तरी मॉनिटर काळाच. विकत घेताना स्पेसिफिकेशनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द त्या पोर्टच्या समोर लिहिलाय का ते बघा, यूएसबी ३ लिहिलंय म्हणजे चित्र येणारच असं नाही. माझा खरा राग नावांवर आहे, ५ गिगाबिटच्या त्याच गोष्टीला आधी ३.०, मग ३.१ जेन १, मग ३.२ जेन १ म्हणायचं म्हणजे काय चेष्टा आहे का? त्यापेक्षा प्लगवर ४० गिगाबिट, २४० वॅट असं सरळ छापलेलं बरं, हल्ली काही केबलवर ते असतं. काहीच छापलेलं नसेल, केबल बारीक आणि दोन मीटर लांब असेल तर ती २.० च धरा. खात्री करायची तर वेगवान एसएसडी त्या केबलने लावून मोठी फाइल कॉपी करा, सेकंदाला ४० एमबीच्या आसपास अडकली की समजा.

चांगली केबल आखूडच असते हेही आत्ता कळलं, स्पीड वाढला की लांबी परवडत नाही. त्यामुळे सध्या माझा लॅपटॉप मॉनिटरला चिकटून, जुन्या दिवाळी अंकांच्या थप्पीवर बसलाय.