‘एका ग्रेडियंटचं काम’ म्हणणाऱ्यांना उत्तर

दिवसा काढलेल्या फोटोत फोटोशॉपने मेणबत्तीचा उजेड कसा आणायचा, यावर मी एक लेख लिहिला होता. उदाहरणाला एका मुलीचा आणि आजोबांचा फोटो होता. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया:

“ताई, लेख लांबला पण हाती काही लागलं नाही. मेणबत्तीचा उजेड म्हणजे नारिंगी रेडियल ग्रेडियंट, स्क्रीन मोड, संपलं. दोन मिनिटांचं काम. एक्स्पोजर, मास्क वगैरे उगाच पांडित्य. तुमच्या उदाहरणात आजोबा काळे ठिक्कर पडलेत, ज्योत पांढरी दिसते (मेणबत्ती कधी पाहिली आहे का?) आणि स्क्रीनशॉट इतके बारीक की भिंग लागेल. नवख्यांची दिशाभूल करू नका.”

स्पष्टवक्ते, नमस्कार.

आधी स्क्रीनशॉटचं. ते बारीक होते, मान्य. काल रात्री मोठे करून टाकलेत. भिंग ठेवून द्या.

आता ‘ताई’बद्दल. मला ताई म्हणायला हरकत नाही, पण ताई म्हणून हात जोडायचे आणि पुढच्याच वाक्यात ‘मेणबत्ती कधी पाहिली आहे का’ विचारायचं, ही कुठली रीत? तुम्हाला पद्धत पटली नाही, तर ‘पटली नाही, कारण अमुक’ एवढं लिहिता आलं असतं. कारण तुम्ही एकही दिलेलं नाही. ‘संपलं’ हे कारण नव्हे. आणि दिशाभूल हा शब्द जरा जपून वापरावा. जुन्या फोटोंची दुरुस्ती आणि रंगकाम करून मी पोट भरलंय, तेही पडद्यावर नव्हे तर छापून द्यायच्या फोटोंवर, जिथे गिऱ्हाईक प्रिंट हातात धरून खिडकीपाशी जातं आणि मग बोलतं. तुमची दोन मिनिटांची पद्धत मी त्या टेबलावर रोज पाहत होते. असे फोटो दुरुस्तीला माझ्याकडेच यायचे. तक्रारही ठरलेली असायची: “चेहरे धुरात बसल्यासारखे दिसतायत.”

तो धूर कुठून येतो, ते सांगते. लेखात होतंच, पण तुम्ही बहुधा स्क्रीनशॉटवर अडकलात.

स्क्रीन मोड खालच्या रंगात उजेड मिळवतो. खाली काय आहे, गाल की केस की डोळ्याचं बुबुळ, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. उलट खालचा भाग जितका काळा, तितकी भर जास्त. आकड्यांत बघा. फोटोतल्या मुलीच्या गालाचा लाल रंगाचा आकडा 150 आहे आणि बुबुळाचा 15. चेहऱ्याच्या जागी तुमच्या ग्रेडियंटचा लाल आकडा 120 धरू. स्क्रीन केल्यावर गाल 199 होतो. छान, उजळला. पण बुबुळ होतं 128. आधी गाल बुबुळाच्या दहापट होता, आता दीडपट. काळेभोर केस नारिंगी-राखाडी होतात, नाकपुड्या आतून पेटल्यासारख्या दिसतात, ओठांमधली फट नाहीशी होते. हाच तो धूर.

खरा उजेड असा वागत नाही. पृष्ठभाग जितका परतवेल तितकाच तो डोळ्याला दिसतो. गाल बराच परतवतो, केस जवळजवळ काहीच नाही. मेणबत्ती अगदी नाकाशी आणली तरी काळे केस काळेच राहतात, वर फक्त एखादी चमकती रेघ येते. म्हणजे चेहऱ्यावरचा उजेड हा गुणाकार आहे, बेरीज नाही. याच मुलीवर ग्रेडियंटऐवजी फोटोशॉपचा एक्स्पोजर थर +1 वर ठेवा, म्हणजे उजेड दुप्पट. गाल 205 वर जातो, जवळजवळ तुमच्या स्क्रीनएवढाच. बुबुळ जातं 25 वर. गाल तोच, पण डोळा जिवंत राहतो. हे पांडित्य वाटत असेल तर आयड्रॉपर उचला आणि तुमच्या स्वतःच्या फोटोतल्या बुबुळावर ठेवा. आकडा आधी बघा, ग्रेडियंट टाकून पुन्हा बघा.

स्क्रीन मोड टाकाऊ आहे असं मी म्हटलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते, नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावर यायची. ज्योतीभोवती जे मऊ तेज दिसतं, ते वस्तूंवर पडलेलं नसतं. तो उजेड कॅमेऱ्याच्या भिंगात किंवा आपल्या डोळ्यात विखुरलेला असतो, म्हणून ज्योतीमागे काळी भिंत असली तरी तिच्यावरही तो चढतो. ही खरी बेरीज, आणि तिथे स्क्रीनच हवा. लहानसा ग्रेडियंट, ज्योतीपुरता, कडेला विरत जाणारा. तुमची चूक मोड निवडण्यात नाही, तो चेहऱ्यापर्यंत ताणण्यात आहे.

आता आजोबा. ते काळे पडलेत हे तुम्हाला खुपलं. मी मुद्दाम पाडलेत. त्या फोटोत ज्योत मुलीच्या चेहऱ्यापासून साधारण 30 सेंटीमीटरवर आहे आणि आजोबांपासून 60. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नव्हे, पाव होतो. फोटोच्या भाषेत दोन स्टॉप कमी. दोन्ही चेहरे सारखे उजळले, की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण छताला दिवा असल्यासारखं वाटतं. मेणबत्तीचं चित्र ओळखू येतं ते या झपाट्याने उतरणाऱ्या उजेडामुळे. नारिंगी रंग त्यानंतर.

म्हणून मी चेहरे उजळवत बसत नाही, भोवताल काळोखात ढकलते. क्रम असा. फोटो आधी 16 बिटवर नेते, कारण 8 बिटवर एवढा अंधार केला की भिंतीवर पट्टे पडतात. मग एक्स्पोजरचे दोन थर, दोन्ही −2 वर. मुलीच्या चेहऱ्याची ज्योतीकडची बाजू दोन्ही थरांच्या मास्कवर काळ्या मऊ ब्रशने उघडते, म्हणजे तिथे मूळ फोटोचा उजेड जसाच्या तसा राहतो. आजोबांचा चेहरा एकाच थराच्या मास्कवर उघडते, म्हणजे त्यांना बरोबर दोन स्टॉप कमी मिळतात. खोलीवर दोन्ही थर. आधी सगळं काळं करून मग चेहरे वर खेचले असते तर आजोबांच्या गालावर नुसते दाणे दिसले असते. इथे खेचाखेच नाहीच.

ब्रश कुठे फिरवायचा, यावर खरं तर तुम्ही प्रश्न विचारायला हवा होता, कारण फोटो तिथेच बिघडतात. ज्योत छातीच्या उंचीवर असेल तर उजेड खालून येतो. हनुवटीचा तळ, नाकाचा खालचा भाग, वरच्या ओठावरची जागा आणि भुवईखालचा खळगा उजळतो. कपाळ वर जाता जाता विझतं. नाकाची सावली वर, डोळ्याच्या कोपऱ्याकडे पडते. चेहऱ्यावर एकच गोल ठिपका मारून मास्क झाला असं समजलं, तर गाल चपटा होतो, मग मोड कोणताही असो. माझ्या उदाहरणात मुलीच्या भुवईखाली ब्रशचा एक छोटा फटका आहे. तेवढा झाकून बघा, उजेड लगेच समोरून आल्यासारखा वाटेल. आणि हो, मूळ फोटो भर उन्हात काढलेला असेल, नाकाची ठसठशीत सावली ओठावर पडलेली असेल, तर यातलं काहीच चालत नाही. ती सावली खोटं उघडं पाडते. ढगाळ दिवसाचा, सपाट उजेडाचा फोटोच घ्यावा.

रंग शेवटी. मेणबत्तीचा उजेड 1900 केल्विनच्या आसपासचा, दुपारचा साधारण 5500. म्हणजे त्यात निळा फार थोडा. मग नारिंगी ओतण्यापेक्षा निळा काढून घेणं सोपं. कर्व्ह्जच्या थरात निळ्या चॅनलचं वरचं टोक 255 वरून 150 वर आणते, हिरव्याचं 215 वर, लालला हात लावत नाही. खालचं टोक शून्यावरच, म्हणजे काळं काळंच राहतं. मुलीसाठी केलेला मास्क `Alt` दाबून या थरावर ओढायचा, `Ctrl+I` ने उलटा करायचा, आणि आजोबांचा चेहराही त्यात पूर्ण पांढऱ्याने रंगवायचा. पूर्ण म्हणजे पूर्ण. लांबच्या चेहऱ्याला उजेड कमी मिळतो, पण त्या उजेडाचा रंग तोच असतो. पुष्कळजण आजोबांना उजेड द्यायचा राहतो म्हणून त्यांना जास्त नारिंगी करतात, आणि आजोबा काविळीचे पेशंट दिसतात. ऊब कमी वाटली तर नारिंगी वाढवू नका, खोलीचा अंधार जरासा निळसर करा. चेहरा आपोआप गरम दिसतो.

ज्योत पांढरी का, यावर मी फार लिहिणार नाही. ती चेहऱ्याहून कितीतरी पट तेजस्वी असते, चेहरे नीट दिसतील असा फोटो घेतला की तिचा मध्य जळून पांढरा होणारच. पिवळा कडेला असतो, आणि माझ्या फोटोत तो आहे. मेणबत्ती मी पाहिलेली आहे, धन्यवाद.

राहता राहिली नवख्यांची काळजी. त्यांनी दोन्ही पद्धती एकाच फोटोवर कराव्यात, वर ब्लॅक अँड व्हाइटचा थर ठेवावा आणि मुलीचे केस बघावेत. मूळ फोटोपेक्षा केस फिके झाले असतील तर बेरीज झाली, तो थर काढावा. तुमचा ग्रेडियंटवाला फोटोही इथे टाका, स्पष्टवक्ते, हवं तर टोपणनावानेच. फक्त मूळ आकारात टाका. बारीक असेल तर मीही भिंग मागेन.