चुन्याची निवळी शेगडीचं विष शोषत नाही

«धातूचं ऑक्साइड म्हणजे बेस, अधातूचं ऑक्साइड म्हणजे आम्ल. एकच नियम, अपवाद नाही! म्हणून थंडीत खोलीत कोळशाची शेगडी पेटवली तर शेजारी चुन्याच्या निवळीचं भांडं ठेवा. कोळशाचे दोन्ही वायू आम्ल असल्याने निवळी ते ओढून घेते. पांढरी झाली की समजा, विष अडकलं. तसंच अ‍ॅल्युमिनियमवरचा थर बेस असतो, त्यामुळे कॉस्टिक सोड्याने त्याला काही होत नाही. पुढे पाठवा.»

हा मजकूर मला नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आत्याकडून आला. जानेवारीतल्या नागपुरी थंडीत खिडक्या लावून तिने तो लगेच अंमलातही आणला होता. फोनवर म्हणाली, "अरे बाबू, दुधासारखं पांढरं झालं न! म्हणजे काम करूनच राहिलं ते." मी आधी शेगडी अंगणात ठेवायला लावली, मग हे लिहायला बसलो.

निवळी पांढरी होते हे खरं आहे. पण ती होते कार्बन डायऑक्साइडमुळे. तो आम्लधर्मी ऑक्साइड आहे, चुना आम्लारी, दोघांचा क्षार तयार होतो:

CO₂ + Ca(OH)₂ → CaCO₃ + H₂O

पांढरं दिसतं ते हे CaCO₃. माणसं मारतो तो कार्बन मोनॉक्साइड, CO. तो उदासीन ऑक्साइड आहे. नेहमीच्या तापमानाला तो आम्लाशीही क्षार करत नाही आणि आम्लारीशीही नाही. निवळीतून त्याचे बुडबुडे तासभर सोडले तरी ती होती तशीच नितळ राहील. एनसीईआरटीचं अकरावीचं रसायनशास्त्र काढून आवर्तितेचं प्रकरण बघा, CO, NO आणि N₂O ही तिन्ही अधातूंची ऑक्साइडं उदासीन म्हणूनच दिली आहेत. "अपवाद नाही" या शब्दांचा निकाल तिथेच लागतो.

हा CO शेगडीत कुठून येतो तेही बघा. खाली कोळसा जळून CO₂ होतो आणि वरच्या लालबुंद निखाऱ्यांतून जाताना त्याचा CO होतो: CO₂ + C → 2CO. निखाऱ्यांवर कधीकधी निळसर ज्योत नाचते, तो हाच CO जळत असतो. ज्योत विझून नुसते निखारे धुमसायला लागले की तो न जळताच खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखलं, मळमळलं, झोप यायला लागली की माणूस पांघरूण ओढून झोपतो, आणि घात होतो तो तिथेच.

CO₂ तरी त्या भांड्यात मावतो का, तो हिशोब करू. लिटरभर निवळीत चुना विरघळलेला असतो जेमतेम दीड ग्रॅम. 74 ग्रॅम चुन्याला 44 ग्रॅम CO₂ लागतो, म्हणजे दीड ग्रॅमला साधारण 0.9 ग्रॅम. एवढा CO₂ तयार व्हायला पाव ग्रॅम कार्बन पुरतो. शेगडीत तर किलोभर कोळसा असतो! आत्याच्या भांड्याची ताकद एवढीच, कोळशाच्या एका बारक्या कपच्यापुरती. भर म्हणजे जास्त CO₂ गेला की CaCO₃ पुन्हा विरघळतो आणि निवळी परत नितळ दिसू लागते.

एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजाने. CO आम्लारीशी कधीच जुळत नाही असं नाही: CO + NaOH → HCOONa. पण त्याला दीडशे अंशांच्या आसपास तापमान आणि हवेच्या कित्येक पट दाब लागतो. हे कारखान्याचं काम आहे, बैठकीच्या खोलीचं नाही.

अ‍ॅल्युमिनियमचं थोडक्यात सांगतो. त्याच्यावरचा Al₂O₃ चा थर उभयधर्मी असतो. आम्लाशी तो असा वागतो:

Al₂O₃ + 6HCl → 2AlCl₃ + 3H₂O

आणि कॉस्टिक सोड्याशी असा:

Al₂O₃ + 2NaOH + 3H₂O → 2Na[Al(OH)₄]

थर गेला की खालचा धातू उघडा पडतो, सोडा त्यालाही खातो आणि हायड्रोजन सुटतो. भांड्यात बुडबुडे येऊन ते तापायला लागलं की समजा भांडं विरघळतंय. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून हा प्रयोग गॅसजवळ तर मुळीच नको.

धातूच्या ऑक्साइडबद्दल म्हणाल तर सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमपर्यंत तो नियम बरा चालतो. पुढे आपल्या मानसरच्या खाणीतलं मँगनीजच घ्या. MnO आम्लारिधर्मी, MnO₂ उभयधर्मी आणि Mn₂O₇ चक्क आम्लधर्मी. धातूला जितका जास्त ऑक्सिजन, तितका ऑक्साइडचा कल आम्लाकडे. Mn₂O₇ पाण्यात घातला की परमँगनिक आम्ल होतं, आणि आत्याच्या कपाटातलं जांभळं पोटॅशियम परमँगनेट हा त्याच आम्लाचा क्षार.