विसरलेल्या एसआयपीचे वीस हप्ते

"ध्येय, तारीख, आकडा असलं काही ठरवत बसू नका, उद्या कोणी पाहिलाय? 5 हजारांची एसआयपी सुरू करा आणि विसरून जा. 12 टक्के पक्के, 15 वर्षांत 25 लाख हातात. दर तीन महिन्यांनी खातं उघडणारे घाबरून विकतात. फिडेलिटीच्या अभ्यासात सर्वांत जास्त परतावा मेलेल्या माणसांच्या खात्यांना मिळाला! पुढे पाठवा."

हा मजकूर मार्चमध्ये आमच्या घरच्या ग्रुपवर वहिनींनी टाकला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या मावसभावाची, आण्णाची बायको. एरवी मी असल्या गोष्टींवर बोलत नाही. पण आण्णाची एसआयपी काय अवस्थेत होती हे त्याच आठवड्यात मला कळलं होतं, त्यामुळे गप्प बसवेना.

सुरुवात त्या 'विसरून जा'पासूनच करतो, कारण नुकसान तिथेच झालंय.

आण्णाने एप्रिल 2019 मध्ये शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकामागे चालणाऱ्या एका इंडेक्स फंडात महिना 5 हजारांची एसआयपी सुरू केली. मुलीच्या शिक्षणासाठी, एवढंच ठरवलं होतं. 2024 च्या उन्हाळ्यात त्याने इचलकरंजीची गिरणी सोडली आणि शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत लागला. पगाराचं खातं बदललं. एसआयपीचा मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी, मात्र जुन्याच खात्यावर राहिला. तिथली शिल्लक जुलैच्या हप्त्याला संपली. ऑगस्टचा हप्ता परतला, सप्टेंबरचा परतला, ऑक्टोबरचाही परतला. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती रद्द होते, आणि तसंच झालं. त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आण्णाने कधीच बंद केला होता, त्यामुळे एकही मेसेज त्याच्यापर्यंत आला नाही.

यंदाच्या मार्चमध्ये मुलगी नववीतून दहावीत जाणार म्हणून मी सहज विचारलं, "किती जमलेत रे?" तो म्हणाला, "सात वर्षं झाली, म्हणजे चौऱ्याऐंशी हप्ते." आम्ही फोलिओ, म्हणजे फंडातलं त्याचं खातं, उघडलं. हप्ते चौसष्ट होते. वीस महिने एक रुपयाही गेला नव्हता, आणि ते एक लाख रुपये घरखर्चात कधी विरघळले हे त्यालाही सांगता येईना. आण्णा खुर्चीवर बराच वेळ काही न बोलता बसून राहिला.

आता मेसेज ज्याला नावं ठेवतो तो दर तीन महिन्यांनी बघण्याचा हिशोब या गोष्टीला लावून बघा. 30 सप्टेंबर 2024 ला त्याने फक्त हप्ते मोजले असते तर दोन परतलेले दिसले असते. तिसरा अजून बाकी होता. मॅन्डेट नव्या खात्यावर घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात, पण तेवढ्यापुरते जुन्या खात्यात 5 हजार टाकले असते तर एसआयपी वाचली असती. नुकसान दोन हप्त्यांवर थांबलं असतं. वर्षातून एकदाच बघणाऱ्याला हे फार उशिरा कळतं. दर महिन्याला बघणाऱ्याला बाजाराच्या वरखालीत हे वेगळं दिसेलच असं नाही.

एक खूणही सांगतो. महिन्यात व्यवहार झाला तर त्याचं एकत्रित विवरण, ज्याला कॅस म्हणतात, ईमेलवर येतं. व्यवहारच नसेल तर ते सहा महिन्यांतून एकदाच येतं. म्हणजे नेमाने येणारा ईमेल बंद झाला, हीच हप्ता थांबल्याची खूण. पण कशाची वाट बघायची हे ठरवलेलं असेल तरच तो आला नाही हे लक्षात येतं.

याच वहिनी गल्लीतला बचत गट चालवतात. दर महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीचा हप्ता वहीत चढतो, आणि एखादीचा राहिला तर त्याच संध्याकाळी तिच्या दारात जाऊन विचारलं जातं. शंभर-दोनशे रुपयांच्या हप्त्याला ही काळजी, आणि मुलीच्या शिक्षणाच्या पैशाला 'विसरून जा'?

मेलेल्या माणसांच्या अभ्यासाबद्दल. असा अभ्यास फिडेलिटी या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने कुठे छापलेलाच नाही. ही गोष्ट पसरली ती 2014 मध्ये ब्लूमबर्गच्या एका रेडिओ कार्यक्रमात रंगलेल्या गप्पांतून. पाहुण्याने ऐकीव गोष्ट सांगितली आणि पुढे जो तो ती पुरावा म्हणून देत सुटला. शिवाय मेलेल्या माणसाला ऑगस्टमध्ये कॉलेजची फी भरायची नसते. आण्णाला भरायची आहे.

घाबरून विकण्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. बार्बर आणि ओडीन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका दलालाकडची 66,465 कुटुंबांची खाती तपासली. काळ 1991 ते 1996, निबंध 2000 साली प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला 11.4 टक्के मिळाले, त्याच काळात बाजाराने 17.9 टक्के दिले. म्हणजे सारखी उलथापालथ करणारा मार खातो, याबद्दल माझा वाद नाही. पण त्यांनी मोजले ते सौदे. खातं किती वेळा उघडलं हे नाही मोजलं. तिमाहीला बघायचं म्हणजे तिमाहीला विकायचं, हे त्या निबंधात कुठेच नाही. आकडा आणि तारीख आधीच लिहिलेली असली की घाबरायचं कारणही कमी होतं. बाजार 8 टक्के पडला, तर ज्याला आपल्याला किती लागणार हेच माहीत नाही तो बिचकतो. ज्याला माहीत आहे तो वहीत लिहून ठेवलेला आकडा बघतो.

12 टक्के पक्के? म्युच्युअल फंडाला परताव्याची अशी हमी देताच येत नाही. महिना 5 हजार, 12 टक्के, 15 वर्षं, याचे 25 लाख येतात, गणित बरोबर आहे. 9 टक्के धरले तर 19 लाख येतात. आणि महागाई 6 टक्के धरली तर 15 वर्षांनंतरच्या त्या 25 लाखांत आजच्या साधारण साडेदहा लाखांएवढंच येईल. या तिन्हींपैकी एकही वाक्य त्या मेसेजमध्ये नाही. पुढे जातो.

राहिला 'उद्या कोणी पाहिलाय'. आण्णाच्या बाबतीत उद्या बराचसा दिसतो. मुलगी बारावी होणार 2029 मध्ये, प्रवेश त्याच वर्षी ऑगस्टच्या सुमारास, आणि त्यानंतर आणखी तीन ऑगस्ट. या चार तारखा आहेत. आम्ही एका रविवारी त्याच्या घरी बसून त्यांच्यापुढे आकडे लिहिले.

शेजारच्या मुलाला खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात फी, वसतिगृह, मेस धरून वर्षाला 2 लाख लागतात. दरवर्षी 8 टक्के वाढ धरली (हा आमचा अंदाज, दर मार्चला तो प्रत्यक्ष फीशी ताडून बघायचा). मग पहिल्या वर्षाला 2.6 लाख येतात, पुढच्या तीन वर्षांना 2.8, 3.0 आणि 3.3. एकूण 11.7 लाख. त्यातले दरवर्षी एक लाख पगारातून देता येतील असं आण्णा म्हणाला, आणि वहिनींनी घरखर्च मांडून ते तपासलं. मग साठवून ठेवायचे उरतात 7.7 लाख. फंडात आज 4.9 लाख आहेत. कमी पडतात 2.8 लाख, आणि एप्रिलपासून हाताशी 40 महिने. पुढची वाढ शून्य धरली तरी महिना 7 हजार. वाढ झाली तर तेवढं ओझं हलकं होईल, पण पाया तिच्यावर नको.

'मुलीच्या शिक्षणासाठी' हे शब्द सात वर्षं होते. त्यातून 5 हजार पुरतात की नाही, हे कधीच कळलं नसतं. ते पुरत नव्हते.

वहीत मग चार ओळी लिहिल्या. 30 जूनला 5.11 लाख, 30 सप्टेंबरला 5.32, 31 डिसेंबरला 5.53, 31 मार्च 2027 ला 5.74. तिमाहीच्या शेवटच्या दिवशी दोनच गोष्टी बघायच्या. तीनही हप्ते गेले का, आणि एकूण रक्कम ओळीच्या वर आहे की खाली. हप्ता गेला नसेल तर त्याच दिवशी हालचाल करायची. हप्ते गेलेत आणि रक्कम खाली आहे, तर बाजार उतरलाय, त्या तिमाहीत काही करायचं नाही. सलग दोन तिमाह्या खालीच राहिली तर तुटीला उरलेल्या महिन्यांनी भागायचं आणि हप्ता तेवढा वाढवायचा. तूट 40 हजार आणि महिने 34 असतील तर महिना सुमारे 1,200 रुपये जास्त. तेवढे काढणं शक्य नसेल तर तेही तेव्हाच कळेल, आणि शैक्षणिक कर्जाची किंवा घराजवळच्या कॉलेजची चौकशी तीन वर्षं आधी सुरू करता येईल.

तारखेचा सर्वांत मोठा उपयोग मात्र पैसे कुठे ठेवायचे हे ठरवायला होतो. 14 जानेवारी 2020 ला निफ्टी 12,362 वर बंद झाला होता. 23 मार्चला तो 7,610 वर आला, म्हणजे सव्वादोन महिन्यांत 38 टक्के खाली. पुन्हा जुन्या पातळीवर पोहोचला तो नोव्हेंबरात. 'विसरून जा' म्हणणारे सांगतील, बघा, आलाच की वर! आला. पण त्या वर्षी ज्याला मधल्या काळात फी भरायची होती त्याला तोट्यात विकावं लागलं. आण्णाच्या 4.9 लाखांना तसाच फटका बसला तर तीन लाख आणि थोडे उरतील.

म्हणून पहिल्या वर्षाचे 1.6 लाख, म्हणजे पगारातला लाख सोडून जे लागतील ते, येत्या ऑगस्टमध्ये फंडातून काढून मुदत ठेवीत टाकायचं ठरलं, बरोबर तीन वर्षं आधी. दुसऱ्या वर्षाचे 1.8 लाख पुढच्या ऑगस्टमध्ये. शेवटच्या वर्षाचे 2.3 लाख 2032 मध्ये लागणार आहेत, ते 2029 पर्यंत बाजारातच राहू देत. वहीत फंड आणि ठेव यांची बेरीज लिहायची, म्हणजे पैसे हलवले तरी ओळ मोडत नाही. 12 टक्क्यांची स्वप्नं बघणाऱ्याला ठेवीचं व्याज कमी वाटेल. पण या पैशाचं काम ऑगस्ट 2029 मध्ये हजर असणं एवढंच आहे.

नवा मॅन्डेट नव्या पगार-खात्यावर झालाय, महिना 7 हजारांचा, आणि मोबाइल नंबर सगळीकडे बदलून घेतलाय. वही वहिनींनी बचत गटाच्या वहीशेजारी ठेवली आहे. ग्रुपवरचा मेसेजही त्यांनी स्वतःच काढून टाकला. 30 जूनला रात्री जेवणं झाल्यावर आण्णा मला फोन करून हप्ते किती गेले आणि बेरीज किती झाली, हे दोन आकडे सांगणार आहे.