कडेला राहिलेल्या ब्लर पट्ट्यांबद्दल

«आजीच्या पंचाहत्तरीचा आडवा व्हिडिओ दिला होता. बाजूचं ब्लर कापून उभा करून द्या, एवढंच काम. केक कापतानाच्या भागात दोन्हीकडे पट्ट्या तशाच आहेत, आणि सगळा व्हिडिओ फाटल्यासारखा दिसतोय. पैसे कशाचे घेतले?»

नमस्कार ताई. तुमची फाइल आज पुन्हा पहिल्यापासून बघितली. पट्ट्या राहिल्यात आणि ती चूक आमचीच आहे.

फाइल १९२० बाय १०८० ची होती. औक्षणाची क्लिप नेहमीच्या ९:१६ मापाची आहे, म्हणजे १०८० उंचीला तिची रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल. म्हणून आम्ही दोन्हीकडून ६५६ पिक्सेल कापले आणि तेच माप शेवटपर्यंत लावलं. पण तुमच्या व्हिडिओत दोन फोनच्या क्लिप जोडलेल्या आहेत. केकची क्लिप दुसऱ्या फोनवर फुल स्क्रीनमध्ये, ९:१९.५ मापात घेतलेली आहे. तिची रुंदी फक्त ४९८ भरते. त्यामुळे तिथे प्रत्येक बाजूला ५५ पिक्सेल ब्लर उरलं.

आमच्या मुलाने व्हिडिओ थांबवून तपासला होता. मागची भिंत फिकट पिवळी आणि पट्टीही तशीच, त्यामुळे त्याला जोड दिसला नाही. चालू व्हिडिओत मात्र तो लगेच कळतो. ते ब्लर म्हणजे त्याच चित्राची मोठी केलेली प्रत असते, म्हणून आजींचा सुरीचा हात खाली आला की कडेलाही एक धूसर डाग खाली येतो. बाकी सगळं हलतं, जोडाची उभी रेघ मात्र जागची हलत नाही. तपासायचं ते व्हिडिओ चालवूनच, हे आमच्याकडून राहून गेलं.

आता केकचा भाग वेगळा काढून त्याच्या मापाने कापतोय. तो बाकीच्या व्हिडिओइतका रुंद करायचा तर उंचीतला जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. आम्ही तो वरून काढू, तिथे फुगेच आहेत. आजींचा चेहरा आणि केक पूर्ण राहील. याचे पैसे अर्थातच नाहीत.

फाटल्यासारखं दिसण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते काम घेतानाच सांगायला हवं होतं. उभा व्हिडिओ आडव्या चौकटीत बसवला तेव्हाच तो लहान झाला. आम्ही ६०८ ची रुंदी ताणून १०८० केली, पण गेलेला बारकावा ताणून परत येत नाही. नुसतं कापून दिलं असतं तरी फोनने स्क्रीनभर ताणून तसंच दाखवलं असतं.

ज्यांनी क्लिप काढल्या त्यांच्या फोनमध्ये मूळ फाइल अजून असतील तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून मागवा. त्यात ब्लर नसेलच, त्यामुळे बाजू कापाव्या लागणार नाहीत. त्या मिळाल्या तर आहे ते काम थांबवून त्यांच्यावरूनच नव्याने जोडून देतो.