#AD लिहिलं म्हणजे सगळं सांगितलं असं नाही

परवा भाच्याने एक रील पाठवली. कुठल्यातरी छोट्या कंपनीचा शेअर, हात उडवत बोलणारा उत्साही तरुण, मागे वर जाणारी हिरवी रेघ. मी विचारलं, "याला पैसे मिळालेत का रे?" तर म्हणाला, "मामा, त्याने खाली स्पष्ट #AD लिहिलंय. लपवत नाहीये काही. म्हणून तर विश्वास बसला."

या शेवटच्या वाक्यावर मी अडकलो. जाहिरात आहे हे कळल्यावर माणूस चार पावलं मागे सरकायला हवा. इथे तो पुढे सरकला होता.

हे फक्त त्याचंच होतं असं नाही. 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. नाण्यांनी भरलेल्या बरणीत एकूण किती पैसे असतील, हे काही लोकांनी ओळखायचं आणि ती बरणी जवळून पाहिलेल्या दुसऱ्यांनी त्यांना सल्ला द्यायचा. गंमत अशी की अंदाज जितका जास्त निघेल तितका मोबदला सल्लागाराला जास्त. ही गोष्ट समोरच्याला आधीच सांगितली तेव्हा सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले (एकदा सांगून टाकलं की मन मोकळं होत असावं!) आणि ऐकणाऱ्यांनी ते जेवढे कापायला हवे होते तेवढे कापलेच नाहीत. म्हणजे नुसता खुलासा वाचणाऱ्याचं रक्षण करतोच असं नाही. त्यात नक्की काय सांगितलंय आणि काय गाळलंय, ते बघावं लागतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण किम कार्दाशियनचं. जून 2021 मध्ये तिने इन्स्टाग्रामवर इथेरियममॅक्स नावाच्या क्रिप्टो टोकनची स्टोरी टाकली. हा आर्थिक सल्ला नाही, मित्रांनी सांगितलं ते तुम्हाला सांगतेय, असा सूर. सोबत त्या टोकनच्या वेबसाइटची लिंक. आणि हो, #AD सुद्धा होतं. तरीही ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एसईसी या बाजार नियामकाने तिच्यावर कारवाई केली आणि आरोप मान्य किंवा अमान्य न करता तिने 12 लाख 60 हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. कारण त्या स्टोरीसाठी तिला अडीच लाख डॉलर मिळाले होते आणि ते तिने सांगितलं नव्हतं.

तिथल्या 1933 च्या कायद्यात कलम 17(बी) आहे. पैसे घेऊन वर्तमानपत्रांतून शेअर सुचवणारे तेव्हाही होतेच. कोणी शेअरसारख्या सिक्युरिटीची भलामण करायला मोबदला घेत असेल, तर मोबदला मिळाला एवढंच सांगून भागत नाही. तो किती हेही सांगावं लागतं. मला हे कलम फार आवडतं, कारण वाचणाऱ्याने काय विचारायचं ते त्यात आयतंच सापडतं. पैसे कोणी दिले? किती? आणि कोणत्या रूपात?

रूपाचा प्रश्न लोक विसरतात. याच टोकनची जाहिरात बास्केटबॉलपटू पॉल पीअर्सनेही केली. एसईसीच्या म्हणण्यानुसार त्याला 2 लाख 44 हजार डॉलरहून अधिक किमतीची टोकनंच मिळाली होती आणि तेही त्याने सांगितलं नव्हतं. रोख घेणाऱ्याचं काम पोस्ट टाकली की संपतं. टोकन किंवा शेअर घेणाऱ्याला मात्र ते कोणाला तरी विकल्याशिवाय पैसे दिसत नाहीत, आणि विकत घेणारे बहुधा त्याचे फॉलोअरच असतात. पीअर्सच्या एका ट्वीटमध्ये मोठी शिल्लक आणि मोठा नफा दाखवणारा स्क्रीनशॉट होता, प्रत्यक्षात त्याची स्वतःची गुंतवणूक त्याहून कितीतरी कमी होती. 2023 मध्ये त्यानेही 14 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तेव्हापासून कोणी नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवला की मी त्याला शोभेच्या फुलदाणीइतकीच किंमत देतो.

तर भाच्याच्या रीलकडे वळू. मी त्याला म्हटलं, शेअर राहू दे, आधी ती रील जिथून आली तो पूर्ण व्हिडिओ उघड. छोट्या तुकड्यात खुलासा येतोच असं नाही. यूट्यूबवर Includes paid promotion ही पट्टी सुरुवातीची काही सेकंदच दिसते, इन्स्टाग्रामवर नावाजवळ Paid partnership येतं, पण दोन्ही ठिकाणी ते जाहीर करणं मुळात व्हिडिओ टाकणाऱ्याच्या हातात असतं. पट्टी नाही म्हणजे पैसे नाहीत, असा अर्थ काढू नये.

मग व्हिडिओखालचं वर्णन, more दाबून अगदी तळापर्यंत. वर "हा सल्ला नाही, स्वतः अभ्यास करा" हे ठळकपणे होतं. हा खुलासा नव्हे, हे हात झटकणं. खुलासा त्याच्या खूप खाली, बारीक इंग्रजीत होता. त्याचा मराठीत अर्थ असा: या प्रसारासाठी एका तिसऱ्या पक्षाकडून मोबदला मिळाला आहे, आमच्याकडे या कंपनीचे शेअर आहेत आणि ते आम्ही पूर्वसूचना न देता कधीही विकू शकतो.

हे वाक्य दोनदा वाचा. "तिसरा पक्ष" म्हणजे कंपनी नव्हे. मग छोट्या कंपनीच्या शेअरची जाहिरात करायला स्वतःच्या खिशातून पैसे कोण घालेल? बहुधा ज्याच्याकडे त्या शेअरचा साठा आहे आणि ज्याला गिऱ्हाईक हवंय तो. सिद्ध करता येत नाही, पण त्याचं नाव का दिलेलं नाही हे विचारता येतं. आम्ही चार्टही उघडला. एरवी जिथे दिवसाला जेमतेम व्यवहार व्हायचे, तिथे उलाढालीचे उंच खांब व्हिडिओच्या दोन दिवस आधीपासून उभे होते. बातमी काहीच नव्हती. व्हिडिओ येण्याआधी कोणीतरी खरेदी करून बसलं होतं, एवढा संशय घ्यायला ते पुरेसं होतं.

वर्णनातल्या ॲप डाउनलोडच्या लिंकमध्ये `?ref=` आणि पुढे त्या तरुणाचं नाव होतं. म्हणजे खातं त्याच्यामार्फत उघडलंय याची नोंद होते. अशा सौद्यांत दर खात्यामागे पैसे मिळतात, काही ठिकाणी आपण केलेल्या व्यवहारांच्या शुल्कातला वाटाही. आपण जितकी जास्त खरेदी-विक्री करू तितकी त्याची कमाई, मग "रोज ट्रेड करा" हा सल्ला कुठून येतो ते कळतं.

शेवटी नोंदणी. सेबी असो, ब्रिटनची एफसीए असो, नियामकाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी असते. तिथे आपण स्वतः जाऊन नाव शोधायचं, त्याने दिलेल्या लिंकवरून नाही. नंबर खरा पण दुसऱ्याच्याच नावावरचा, हा प्रकार सर्रास चालतो. आणि नोंदणी असली तरी पैसे घेतलेले नसतीलच असं नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. ज्याने पैसे घेऊन काहीच लिहिलेलं नाही, त्याला या कुठल्याच तपासणीत पकडता येत नाही. स्टोरी तर 24 तासांत गायब. म्हणून पैसे लावण्याआधी निदान स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट.

भाच्याने त्या तरुणाला मेसेज केला: "पैसे कोणी दिले, किती, आणि शेअर अजून तुमच्याकडे आहेत का?" चार दिवस झाले. मेसेज वाचल्याची खूण आहे, उत्तर नाही. नवी रील मात्र आली आहे, दुसऱ्याच शेअरवर.