भाडं पन्नास हजारांच्या आत, तरी टीडीएस? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "परदेशातल्या मालकाच्या भाड्यावर टीडीएस कापण्याबद्दलचा तुमचा लेख वाचून आमचा भाडेकरू घाबरत घरी आला. धाकटा भाऊ न्यू जर्सीत आहे, मनीषनगरचा फ्लॅट त्याच्या नावावर, भाडं २८ हजार. पन्नास हजारांखाली टीडीएस नसतो हे कोणीही सांगेल. भाडं आईच्या खात्यात येतं, तीच त्याला पाठवते. त्याचा टॅक्स शून्य निघतो, मग ३१ टक्के काहून कापायचे? उगाच लोकांना भिववू नका."

दादा, राग समजू शकतो. तुमच्या भावाचा कर शून्य निघेल, हेही बहुधा खरं आहे. पण पन्नास हजारांची जी मर्यादा तुम्ही ऐकली, ती घरमालक भारतात निवासी असतानाची. त्यापुढच्या भाड्यावर भाडेकरू २ टक्के कापतो आणि फॉर्म २६क्यूसी भरून मोकळा होतो. मालक अनिवासी झाला की तो नियमच लागू होत नाही. तिथे कलम १९५ येतं आणि त्याला खालची मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून कपात. दर ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. (या उत्तरातले कलमांचे आणि फॉर्मचे सगळे क्रमांक २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतचे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलतात, व्यवस्था मात्र हीच.) भारत-अमेरिका करारामुळे दर कमी होईल असंही काही जण सांगतात. त्या करारात स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर कर लावायचा भारताचा हक्क कायम ठेवला आहे, त्यामुळे तिथे सूट शोधू नका.

आता तुमचेच आकडे घेऊ. महिन्याला २८,००० वर ३१.२ टक्के म्हणजे ८,७३६ रुपये. मालकाच्या हाती १९,२६४. वर्षभरात १,०४,८३२ रुपये सरकारजमा. उलट खरा हिशेब करा: वर्षाचं भाडं ३,३६,०००, त्यातून भावाने भरलेला महानगरपालिकेचा मालमत्ता कर, समजा १२,०००, वजा केला की ३,२४,०००. त्यावर सरसकट ३० टक्के वजावट ९७,२०० ची. करपात्र उरले २,२६,८००. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत करच नाही. म्हणजे कापलेली सगळी रक्कम रिटर्न भरून परत मिळते, पण वर्ष उलटल्यावर. कपात आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपात एकूण भाड्यावर होते आणि भाडेकरूला तुमच्या भावाच्या वजावटी बघण्याचा अधिकार नाही.

तो अधिकार आयकर अधिकाऱ्याला आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. भावाने आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवर फॉर्म १३ भरून कमी किंवा शून्य दराचं प्रमाणपत्र मागायचं (कलम १९७). सोबत भाडेकरार, मागची रिटर्न, चालू वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज आणि भाडेकरूचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळणारा क्रमांक. प्रमाणपत्रात त्या टॅनचा उल्लेख असतो, म्हणून भाडेकरू बदलला की नवा अर्ज. ते मागच्या तारखेपासून लागू होत नाही आणि आर्थिक वर्ष संपलं की संपतं. समजा करार एप्रिलपासून आणि प्रमाणपत्र जूनच्या भाड्याआधी आलं, तर एप्रिल-मेचे १७,४७२ रुपये कापलेच जातील. ते रिटर्नमधूनच परत येतील. म्हणून अर्ज मार्चमध्येच तयार ठेवावा.

भाडेकरूच्या बाजूने मात्र ही खरोखर कटकट आहे, आणि माझ्या मते अन्यायही. नागपूरच्या मिहान प्रकल्पात नोकरी करणाऱ्या पोराने टॅन काढायचा, दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आधीच्या महिन्याची कपात भरायची (मार्चची ३० एप्रिलपर्यंत), दर तिमाहीला २७क्यू विवरण भरायचं आणि मालकाला फॉर्म १६ए द्यायचा. प्रमाणपत्र शून्य दराचं असलं तरी त्याचा क्रमांक घालून भाड्याची नोंद करावीच लागते. पन्नास हजारांची मर्यादा इथेही असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण ती नाही, आणि चुकलं तर नोटीस न्यू जर्सीला जात नाही, मनीषनगरला येते. न कापलेली रक्कम भाडेकरूच्या अंगावर, त्यावर दरमहा १ टक्का व्याज. कापून भरली नाही तर दीड टक्का. विवरणाला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. भावाने रिटर्न वेळेत भरून ते भाडं दाखवलं असेल, तर सीएच्या दाखल्यावर मूळ रकमेतून भाडेकरू सुटू शकतो. ही धावपळ मात्र त्यानेच करायची. तो घाबरला ते योग्यच झालं. तुम्ही एवढं करा: त्याच्या टॅनचा आणि विवरणांचा सीएचा खर्च मालकाने उचलायचा, असं करारातच लिहा. अशाने भाडेकरू पळत नाहीत.

बहुतेक घोटाळा होतो तो करारावर मुखत्यारपत्रधारकाची सही असल्यामुळे. भाडेकरूला वाटतं मालक म्हणजे समोर बसलेले काका. भाडं पन्नास हजारांच्या वर असेल तर तो २६क्यूसी भरून २ टक्के कापतो आणि आपण कायदा पाळला असं समजतो. करारात मालकाचा परदेशातला पत्ता आणि 'अनिवासी' हा शब्द असलाच पाहिजे.

आता आईचं खातं. फ्लॅट भावाचा, म्हणून भाडं कोणाच्याही खात्यात पडलं तरी उत्पन्न भावाचंच, इथेही आणि अमेरिकेतही. आई पाठवते तेव्हा बँकेच्या कागदावर ती आईची रक्कम असते, निवासी व्यक्तीने नातेवाइकाला दिलेली. उद्या भावाला 'हे भाडं आहे, यावर भारतात हिशेब झाला आहे' असं दाखवायचं असेल तर कागद दुसरंच बोलतील. भाडं त्याच्या एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या बँक खात्यात यायला हवं. त्याचं जुनं साधं बचत खातं इथे चालू असेल तर तेही एनआरओ करून घ्यायला हवं, फेमा या परकीय चलन कायद्याचा तसा नियमच आहे.

एनआरओतून बाहेर पाठवणं लोकांना वाटतं तितकं अवघड नाही. भाडं हे चालू उत्पन्न, त्यामुळे कर भागल्यावर ते पाठवायला वर्षाला दहा लाख डॉलरची जी मर्यादा आहे, ती लागत नाही; ती घर विकून आलेल्या पैशांसारख्या रकमांसाठी. पाठवण्याआधी आयकर पोर्टलवर फॉर्म १५सीए भरायचा. आर्थिक वर्षात अशा करपात्र रकमा पाच लाखांपर्यंत असतील तर त्याचा भाग ए पुरतो, सीएचा १५सीबी दाखला लागत नाही. तुमचं वर्षाचं ३.३६ लाख त्यात बसतं. पण दोन वर्षांचं भाडं साठवून एकदम पाठवलं की पाच लाख ओलांडले जातात, आणि मग १५सीबीसह भाग सी, किंवा अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हाती असेल तर भाग बी. तेव्हा दरवर्षीचं त्याच वर्षी पाठवलेलं सोपं. काही बँका पाच लाखांखालीही १५सीबी मागतात. शाखेत आधी विचारून घ्या.

अर्ज करण्याआधी भावाच्या पॅनवर त्याची स्थिती 'अनिवासी' अशी नोंदलेली आहे का, ते त्याला पोर्टलवर बघायला सांगा. इथून जाण्याआधीचं पॅन अजून निवासी म्हणून असेल आणि आधारशी जोडलेलं नसेल, तर ते निष्क्रिय दाखवतं. मग फॉर्म १३ असो की परतावा, सगळं तिथेच अडतं.